तोंडी रजा

आजकाल रजा मागायची म्हणजे काय, मोबाइलवर अंगठा दोनदा टेकवला की झालं. परवा धाकटीची मानलेली भाची तिच्यासमोर पाय पसरून अशीच रजा मागत होती आणि वर कुरकुरत होती, "मावशी, साहेबानं अजून उघडूनसुद्धा बघितलं नाही गं." "मग त्या अर्जाचा फोटो काढून ठेव," धाकटी म्हणाली, "तारीख-वेळ दिसेल असा." भाचीनं कपाळाला हात लावला. "मावशी, तू पण ना!"

मावशी पण ना! या पोरींना काय माहीत? धाकटीला आता धाकटी म्हणणारं कुणी उरलेलं नाही. केस पांढरे झाले, गुडघे बोलायला लागले. पण बावीस वर्षांची असताना टेलिफोन एक्स्चेंजात सगळ्यांत शेवटी रुजू झाली म्हणून तिला हे नाव पडलं, आणि तिच्यानंतर पाच-सहा जणी आल्या तरी ते तिलाच चिकटून राहिलं. त्या दुपारी भाची घरी गेली, आणि धाकटी खिडकीत बसून कितीतरी वेळ मनानं एक्स्चेंजच्या त्या हॉलमध्येच होती.

काय हॉल होता तो! पहिल्या मजल्यावर, लांबच लांब, एका भिंतीला ओळीनं चौदा बोर्ड. प्रत्येक बोर्डात शेकडो भोकं, भोकांखाली मिणमिणते दिवे, समोर दोऱ्यांच्या जोड्या. दिवा लागला की दोरी खुपसायची, "नंबर सांगा" म्हणायचं, दुसरी दोरी दुसऱ्या भोकात, की कुणाचा तरी भाऊ कुणाच्या तरी बहिणीशी बोलायला लागला. हेडफोनच्या पट्टीनं अंबाडा चेपायचा, कानाची पाळी दुखायची. चौदा बायकांचा एकदम "नंबर सांगा, नंबर सांगा" असा गजर, तापलेल्या धुळीचा वास, आणि गावाबाहेरच्या प्रत्येक कॉलसाठी लिहायची ती चिठ्ठी: कुणी मागितला, कुठला, किती वाजता लागला, किती वाजता तुटला. दिवसभरात शे-सव्वाशे चिठ्ठ्या. धाकटीला झोपेतसुद्धा वाजले किती ते दिसायचं.

या चौदा जणींच्या मागे एका उंच टेबलाशी मोठ्या बाई बसायच्या. त्या पाळीच्या मुख्य, म्हणजे मॉनिटर. उंचीनं जेमतेम, आवाज मात्र असा की शेवटच्या बोर्डावरची पेंगत असली तर ताठ बसायची. लग्न केलं नव्हतं, मागेपुढे कुणी नव्हतं. त्यांच्या टेबलावर पाळीची डायरी असायची. जाडजूड, पानांवर छापील आकडे. कुठला दिवा गेला, कुठली लाइन पडली, कोण उशिरा आली, कोण उद्या येणार नाही आणि तिच्या जागी कोण बसणार, सगळं त्यात. मधे ओळ कोरी सोडायची नाही, खाडाखोड करायची नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला ती डायरी साहेबांकडे जायची आणि साहेब खाली सही करायचे.

आणि साहेब! त्यांना सगळे बघूसाहेब म्हणायचे. अर्थात पाठीमागे. सहा वर्षांत त्या माणसानं कुणाला "नाही" म्हटलं नव्हतं आणि कुणाला "हो" लिहून दिलं नव्हतं. रजेचा अर्ज नेला की गोड हसायचे, "ठेवा, बघू" म्हणायचे आणि कागद खणात टाकायचे. मग तुम्ही रजेवर जाऊन आलात की भुवया वर. "अर्ज? कसला अर्ज? आम्हाला तर काही माहीतच नाही बुवा." आणि मस्टरवर लाल शाईनं: विनापरवाना गैरहजर. आमच्याकडे बोलाचीच कढी नि बोलाचाच भात म्हणतात ना, त्यातली गत. साहेबांच्या कढीवर विश्वास ठेवणारी एक पोर धाकटीच्या आधी तिच्याच बोर्डावर बसायची. उमेदवारी चालू असताना चार दिवस बहिणीकडे गेली, तोंडी विचारून गेली, परत आली तर नोकरी गेलेली.

धाकटीचीही उमेदवारीच चालू होती. वर्षाची होती, दहा महिने झाले होते. आणखी दोन महिने नीट गेले की कायम. घरात ती आणि आई, बस. बाप ती शाळेत असतानाच गेलेला. आईनं शिवणयंत्रावर लोकांचे कपडे शिवून तिला वाढवलं होतं, आणि आता त्या आईला दोन जिने चढले की धाप लागायची. ओठ निळे पडायचे. मोठ्या शहरातल्या इस्पितळानं तपासलं, हृदयाची झडप अरुंद झालीय म्हणाले, ऑपरेशनची तारीख दिली. चौदा तारीख. सोबत जवळचं माणूस हवं, सही करायला आणि नंतर दहा दिवस राहायला, असं पत्रात स्पष्ट लिहिलं होतं. जवळचं माणूस म्हणजे धाकटी. दुसरं कोण होतं?

महिनाभर आधी धाकटीनं अर्ज लिहिला. छान अक्षरात, एकच प्रत. सोबत इस्पितळाचं मूळ पत्र टाचणीनं लावलं आणि स्वतः जाऊन साहेबांच्या हातात दिलं. आता बोला! दिवसभर दुसऱ्यांच्या कॉलच्या वेळा मिनिटासकट लिहिणारी पोर, आणि स्वतःच्या अर्जाची साधी नक्कल नाही ठेवली. साहेब म्हणाले, "अरेरे, आईला बरं नाही? ठेवा, ठेवा. बघू." धाकटी हलक्या पावलांनी बाहेर आली.

दहा दिवसांनी तिनं विचारलं, तर भुवया वर. "कसला अर्ज?"

"साहेब, इस्पितळाचं पत्र होतं. मूळ होतं."

"मूळ पत्र असं देतात का कुणी? घरी शोधा, तिथेच असेल."

धाकटी हॉलमध्ये आली आणि बोर्डासमोर बसून रडायला लागली. समोर चार दिवे लागलेले, ही आपली डोळे पुसतेय. मोठ्या बाई उठून मागे येऊन उभ्या राहिल्या. "आधी ते दिवे घे," त्या म्हणाल्या. दिवे घेऊन झाल्यावर म्हणाल्या, "आता रड. काय झालं?"

धाकटीनं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं आणि मग जे झापलं, बापरे! "अक्कल गहाण ठेवली होतीस का गं? त्या माणसाला सगळं एक्स्चेंज ओळखून आहे आणि तू त्याच्या हातात मूळ कागद देऊन आलीस? पोच नाही, नक्कल नाही. उद्या तो म्हणेल ही पोर इथे कामालाच नाही, तर काय दाखवशील?" एवढं बोलून झाल्यावर त्यांनी स्वतःच्या खणातून कार्बन काढला. "बस इथे. लिही."

त्या दुपारी जेवणाच्या सुट्टीत धाकटी रजेचा अर्ज लिहायला शिकली. वर तारीख. कुणाकडून, कुणाला. रजा कोणती: अर्जित. कधीपासून कधीपर्यंत: तेरा ते चोवीस, दोन्ही दिवस धरून बारा. खात्यावर शिल्लक किती: चोवीस. कारण एका ओळीत. "आईनं तुला कसं वाढवलं ते लिहू नकोस," बाई म्हणाल्या, "ते आम्हाला ठाऊक आहे, कागदाला नको." रजेत कुठल्या पत्त्यावर भेटेल ते. तिच्या जागी कोण बसणार, आणि ज्या दोघी बसणार त्यांच्या संमतीच्या सह्या. या आधी अमुक तारखेला समक्ष अर्ज दिला होता, त्यावर काही कळलेलं नाही, हेही. आणि शेवटी, मंजूर असो वा नामंजूर, कृपया लेखी कळवावे. इस्पितळाला तार करून पत्राची दुसरी प्रत मागवली. ती आल्यावर तिची नक्कल काढून जोडली. हे नवं पत्र आईच्या ट्रंकेत.

"आता हे घेऊन साहेबांकडे जायचं नाही," बाई म्हणाल्या. "खाली आवकवाल्या काकांकडे जा. एक प्रत त्यांना, दुसरीवर शिक्का आणि क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस."

आवकवाले काका म्हणजे तळमजल्यावर एका जाळीच्या खिडकीआड बसणारे गृहस्थ. येणारा प्रत्येक कागद रजिस्टरात चढवायचे, शिक्का मारायचे. त्यांनी धाकटीच्या दोन्ही प्रतींवर फाडफाड शिक्का मारला, क्रमांक घातला आणि चष्म्यावरून बघत म्हणाले, "मोठ्या बाईंची शिष्य दिसतेस." धाकटी लाजली.

आठवडा गेला. उत्तर नाही. मग स्मरणपत्र: अमुक क्रमांकाच्या, अमुक तारखेच्या अर्जाबाबत. पुन्हा दोन प्रती, पुन्हा शिक्का. धाकटीला आता यात गंमत वाटायला लागली होती. रोज घरी गेली की आईला दाखवायची, "बघ, आणखी एक क्रमांक." आई शिवणयंत्राशी बसून हसायची. "एवढे कागद तर तुझ्या बापाच्या लग्नातही नव्हते गं." हसता हसता धाप लागायची, आणि यंत्र थांबायचं.

अकरा तारखेला सकाळी साडेअकराला साहेबांनी तिला आत बोलावलं. चेहऱ्यावर मधाचं बोट. "अहो, कशाला एवढे कागद रंगवता? आम्ही काय माणसं नाही का? जा, दिली रजा. आईला जपा."

धाकटी पळतच हॉलमध्ये आली. "बाई, दिली! रजा दिली!"

"लिहून दिली?"

"नाही, पण अगदी मनापासून म्हणाले हो. जा म्हणाले."

"मग नाही दिली," बाई म्हणाल्या. धाकटीचा चेहरा उतरला तसा त्यांनी आवाज जरा खाली आणला. "हे बघ, अर्ज पोचला याची आपल्याकडे पोच आहे. पोच म्हणजे मंजुरी नव्हे. तू गेलीस की तो म्हणणार, अर्ज आला होता खरा, पण मी मंजूर कुठे केला? तेव्हा काय करशील? जे बोलणं झालं ते आत्ताच्या आत्ता लिहून काढ. किती वाजता, काय शब्द, सगळं."

लिहिलं. आज सकाळी साडेअकरा वाजता आपल्या खोलीत आपण माझी तेरा ते चोवीसची अर्जित रजा मंजूर असल्याचे तोंडी सांगितलेत. त्यानुसार मी रजेवर जात आहे. यात काही वेगळे असल्यास कृपया आजच लेखी कळवावे. दोन प्रती घेऊन ती खाली गेली, तर आवकवाले काका खिडकीआडून नजर चुकवायला लागले.

"नको गं पोरी. कालच हुकूम आलाय. रजेचे कागद साहेबांची सही असल्याशिवाय आवक करायचे नाहीत. माझी नोकरी जाईल."

बघा माणसाचं डोकं! सही असल्याशिवाय कागद घ्यायचा नाही, आणि सही तर तो जन्मात करणार नाही. धाकटी जिना चढून वर आली ती पाय ओढत. रजिस्टर पोस्टानं पाठवावं तर कागद साहेबांच्या हाती पडेपर्यंत ती गावाबाहेर असणार, आणि ते म्हणणार मला नंतर मिळालं. शेजारच्या बोर्डावरची म्हणाली, "बाई, मागच्या आठवड्याच्या डायरीत कुठेतरी लिहून टाका की मंजूर झाली म्हणून."

"मागच्या आठवड्याच्या?" बाई अशा कडाडल्या की तीन बोर्डांवरच्या वळल्या. "माझ्या डायरीत? खोटी तारीख?" मग त्यांनी डायरी पुढे ओढली. "आजच्या पानावर लिहिते. खरं आहे ते लिहिते. उद्यापरवा कोण नसणार आणि का, हे लिहिणं माझं कामच आहे."

आणि त्यांनी लिहिलं. वरती नऊ नंबरच्या बोर्डावरचा दिवा बदलला, खाली दक्षिणेची लाइन दुपारी वीस मिनिटं पडली, आणि या दोहोंच्या मधे, त्याच शाईत, त्याच अक्षरात: बोर्ड चारवरील ऑपरेटर तेरा ते चोवीस अर्जित रजेवर, साहेबांनी आज साडेअकरा वाजता तोंडी मंजुरी दिल्याचे तिने सांगितले व तसे लेखी निवेदन दिले, ते आवक विभागाने साहेबांच्या हुकमावरून स्वीकारले नाही, बदली ऑपरेटर अमुक आणि अमुक.

बारा तारखेला सकाळी दहाला बाई डायरी घेऊन साहेबांच्या दारात गेल्या. धाकटी मागे, चिठ्ठ्यांचा गठ्ठा हातात. "साहेब, कालची डायरी. वाचून सही करा," बाई म्हणाल्या. हे वाक्य त्या रोज म्हणायच्या. साहेब फोनवर होते. रोजच्यासारखं त्यांनी हातानंच "हो हो" केलं, पान उघडलं, आणि खाली झोकदार सही ठोकली. तारीखही घातली. धाकटी हातातल्या चिठ्ठ्या उगाचच मोजत राहिली. बाहेर आल्यावर बाईंनी पानाचा आकडा तिला टिपून घ्यायला लावला. एकशे अठ्ठावीस.

त्याच संध्याकाळी मायलेकी निघाल्या.

ऑपरेशन झालं. चौदा तारखेचे ते सहा तास धाकटी अजूनही कुणाला नीट सांगू शकत नाही. दार उघडून डॉक्टर म्हणाले, "झालं व्यवस्थित," आणि तिनं त्या अनोळखी माणसाचे हातच धरले. दुसऱ्या दिवशी आईनं डोळे उघडले. तिसऱ्या दिवशी चमचाभर पेज घेतली. आणि चौथ्या दिवशी, सतरा तारखेला, तार आली. विनापरवाना गैरहजर आहात, ताबडतोब हजर व्हा, अन्यथा उमेदवारी समाप्त.

धाकटीनं तार दोनदा वाचली. अर्जात पत्ता दिला होता ना, तो नेमका इथे कामी आला साहेबांना. आईच्या नाकात अजून नळी होती. रात्रंदिवस कुणीतरी उशाशी हवं होतं. पण नोकरी गेली तर? पुढची औषधं, घर, सगळं त्या चार नंबरच्या बोर्डावर टांगलेलं. संध्याकाळच्या गाडीनं जाऊन, हजर होऊन, दोन दिवसांत परत येता येईल का, असा हिशोब ती करायला लागली. शेजारच्या खाटेवरच्या बाईंना विचारलंसुद्धा, दोन दिवस बघाल का माझ्या आईकडे म्हणून. इकडे आड तिकडे विहीर म्हणतात ते हेच.

शेवटी तिनं इस्पितळाच्या फोनवरून एक्स्चेंजला कॉल मागितला. पलीकडे आधी तो गजर ऐकू आला, चौदा बायकांचा. आत बसून तो असा कधी ऐकू आलाच नव्हता तिला. मग त्यावरून बाईंचा आवाज, "बोला, मॉनिटर."

"बाई, मी. तार आलीय."

"आई कशी आहे?"

"नळी आहे अजून. बाई, मी आज संध्याकाळी निघते. हजेरी लावून परत…"

"येऊ नकोस."

"पण बाई, लिहिलंय की..."

"येऊ नकोस म्हणते ना मी!" बाईंचा आवाज फाटला. असा आवाज धाकटीनं त्यांचा कधी ऐकला नव्हता. मग बाई पुन्हा मॉनिटर झाल्या. "तारेला तारेनं उत्तर दे. आजच. लिहून घे. रजा अकरा तारखेस आपण मंजूर केलीत, पहा पाळी डायरी पान एकशे अठ्ठावीस, आपली सही बारा तारीख. पावती जपून ठेव. आणि आईपाशी बस. कॉलची तीन मिनिटं होत आली."

धाकटीनं तार केली, पावती घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली आणि आईपाशी बसली. पुढचे सात दिवस ती तिथून हलली नाही. भीती होतीच, खोटं कशाला सांगा. आईचे केस विंचरताना मधेच ती पावती चाचपून बघायची. पण आज तिला विचाराल तर ती म्हणेल, तिच्या आयुष्यातले सगळ्यांत सुखाचे दिवस तेच. इतका वेळ मायलेकी एकमेकींजवळ कधी बसल्याच नव्हत्या. एकीला शिवण, दुसरीला शाळा नाहीतर बोर्ड. आईनं तिला वडिलांच्या गोष्टी सांगितल्या, लग्नातली भांडणं सांगितली, लहानपणी धाकटी पिठाच्या डब्यात कशी बसायची ते सांगितलं. दोघी दबक्या आवाजात हसायच्या, आणि नर्स रागवायची.

पंचवीसला ती कामावर गेली तर बोर्डावर कारणे दाखवा नोटीस. तिनं उत्तर दिलं, मुद्द्याला मुद्दा, आणि खाली जोडपत्रं: अर्जाची शिक्क्याची प्रत, स्मरणपत्राची शिक्क्याची प्रत, न स्वीकारलेलं निवेदन, तारेची पावती, डायरीच्या पानाचा आकडा. एक प्रत विभागीय कार्यालयाला. तिथून पंधरा दिवसांनी एक अधिकारी चौकशीला आले. किडकिडीत गृहस्थ, जाड भिंगांचा चष्मा, बोलणं कमी. साहेबांच्याच खोलीत बसले. एका बाजूला साहेब, समोर धाकटी, दाराशी मोठ्या बाई.

साहेब मोठ्या आत्मविश्वासानं म्हणाले, "अर्ज आला होता, मी नाही कुठे म्हणतो? पण मंजुरी? मंजुरीचा कागद दाखवा म्हणावं."

अधिकाऱ्यांनी डायरी मागवली. पान एकशे अठ्ठावीस काढलं. सावकाश वाचलं, नऊ नंबरच्या दिव्यापासून दक्षिणेच्या लाइनीपर्यंत. मागची-पुढची पानं चाळली, आकडे सलग आहेत का बघितले. मग सहीवर बोट ठेवलं. "ही सही आपली?"

"माझी. पण… म्हणजे काय आहे, मी ती रोज नुसती सही करतो. वाचायला वेळ कुठे असतो?"

"असं? किती वर्षं?"

"सहा."

अधिकाऱ्यांनी कोरा कागद पुढे सरकवला. "मग एवढंच लिहून द्या. सहा वर्षं मी पाळीची डायरी न वाचता सही करत आहे. म्हणजे या मुलीचा प्रश्न राहील, पण तुमचा वेगळा निघेल. नाहीतर वाचून सही केलीत असं म्हणा. मग तुम्हाला ही नोंद ठाऊक होती, आणि तेरा दिवसांत तुम्ही ती खोडली नाहीत. कुठलं लिहिताय?"

साहेब त्या कागदाकडे बघत राहिले, आणि सवयीनं त्यांच्या तोंडून निघालं, "बघू."

मोठ्या बाईंनी पदर तोंडाला लावला. अधिकारी हसले नाहीत. "बघायला पाच मिनिटं आहेत," ते म्हणाले. पाच मिनिटांनी साहेबांनी धाकटीच्या मूळ अर्जावर, जो खणात सापडला, इस्पितळाच्या पत्रासकट सापडला, स्वतःच्या हातानं लिहिलं: मंजूर. त्यांच्या हातचा हा शब्द त्या इमारतीत पहिल्यांदाच पाहिला असं आवकवाले काका पुढे कित्येक वर्षं सांगायचे. वर्ष भरलं तशी धाकटी कायमही झाली.

चौकशीनंतरच्या रविवारी मोठ्या बाई पहिल्यांदा घरी आल्या. दोन जिने चढून, हातात मोसंबी. आई खाटेवर बसली होती, ओठ गुलाबी, गळ्याखालून पट्टीची कड दिसत होती. बाई तिच्यासमोर खुर्चीत बसल्या त्या अगदी कडेला, परीक्षेला बसल्यासारख्या. हॉलमध्ये चौदा जणींना धाकात ठेवणाऱ्या बाई, इथे त्यांना हात कुठे ठेवावे कळेना. आईनंच त्यांचा हात हातात घेतला. "तुमच्यामुळे लेक माझ्यापाशी राहिली," आई म्हणाली. "तुमची आई असते कुठे?"

धाकटी चहाचे कप घेऊन दारात उभी होती.

"नाही ती," बाई म्हणाल्या. "मी हिच्याएवढी होते. आई आजारी पडली, मी तोंडी विचारून गेले. तेव्हाचे साहेब वेगळे, पण असलेच. तिसऱ्या दिवशी तार आली, हजर व्हा. आई म्हणाली जा बाई, नोकरी महत्त्वाची, मी काय, आहेच. मी गेले. दहाच्या आत पोचले, सही केली. आई त्याच दुपारी गेली. घरी कुणी नव्हतं. पाणी मागितलं असेल तर कुणी दिलं, ठाऊक नाही. मस्टर आहे अजून. त्या दिवसाच्या रकान्यात मी हजर आहे."

धाकटीनं कप खाली ठेवले. आईनं बाईंचा हात सोडला नव्हता. दुसऱ्या हातानं तिनं त्यांच्या डोक्यावरून, त्या हेडफोननं चेपून चेपून विरळ झालेल्या केसांवरून, हात फिरवला, लहान पोरीच्या फिरवतात तसा. साठीकडे झुकलेल्या बाई मान खाली घालून गुपचूप तो हात फिरवून घेत बसल्या.

"पुढच्या रविवारी जेवायलाच ये," आई त्यांना म्हणाली. अहोजाहो कधी गळालं ते कुणाला कळलंही नाही.

आई त्यानंतर अकरा वर्षं जगली. बाई दर रविवारी यायच्या, आणि दारातूनच हाक मारायच्या, "आई, आले गं."